सात नंबरच्या बाई आधी: प्रायोरिटीच्या ‘सोप्या नियमा’ला उत्तर

“प्रायोरिटीच्या प्रश्नात वेळ घालवू नका. 1) पर्यायांत श्वासाचा पेशंट दिसला की डोळे झाकून तोच पहिला. 2) ए, मग बी, मग सी, हा क्रम कधीच बदलत नाही. 3) दुखणं ही मानसिक गरज धरा, ते नंतर. 4) बाकी सगळं मॅस्लोच्या पिरॅमिडवर खालून वर. रडणारा, घाबरलेला पेशंट सगळ्यांत शेवटी. पाठ करा, मार्क पक्के.”

अनेक पेशंटपैकी आधी कोणाकडे जायचं, या परीक्षेतल्या प्रश्नावरचा हा मेसेज ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या नर्सिंगच्या मुलामुलींमध्ये फिरतो आहे. फंडामेंटल्सच्या तासाला उत्तरं त्याच्यावरूनच येऊ लागली, म्हणून सविस्तर लिहिते. मुद्दे हवेत तपासण्यापेक्षा एका केसवर तपासू. ही केस मी वर्गातल्या सरावासाठी रचलेली आहे.

ठाण्यातलं एक मध्यम हॉस्पिटल, स्त्रियांचा जनरल वॉर्ड, दुपारी दोनचा हँडओव्हर. तुमच्याकडे चार पेशंट आले.

बेड तीन: 66 वर्षांच्या आजी. आयुष्य चुलीपुढे गेलं, आता सीओपीडी. नाकातल्या नळीने मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन, सॅच्युरेशन 90, श्वास 22. सकाळीही आकडे हेच होते. चहा कधी मिळेल म्हणून विचारताहेत.

बेड सात: 45 वर्षांच्या बाई, वजन 60 किलो. सकाळी गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं, साडेदहाला वॉर्डात आल्या. सॅच्युरेशन 97, ड्रेसिंग कोरडं. “पाणी द्या, मला बरं वाटत नाहीये,” म्हणत सारख्या कूस बदलताहेत.

बेड नऊ: 58 वर्षांच्या मावशी, मधुमेह. उद्या पायाचं बोट काढायचं आहे. रडताहेत, चिडचिड करताहेत, कपाळावर घाम आहे. साडेबाराला जेवणाआधीचं साधं इन्सुलिन दिलं, ताट तसंच पडून आहे.

बेड बारा: 24 वर्षांची मुलगी. घोडबंदर रोडवर स्कूटर घसरली, नडगीचं हाड मोडलं, सकाळी प्लास्टर घातलं. बारा वाजता दुखण्याचं इंजेक्शन दिलं, तरी दुखणं वाढतंच आहे.

मेसेजप्रमाणे क्रम येतो तीन, सात, बारा, नऊ. माझा क्रम सात, नऊ, बारा, तीन.

आधी आजी. सीओपीडीच्या ज्या पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी सॅच्युरेशनचं लक्ष्य 88 ते 92 असतं. म्हणजे आजींचे 90 अगदी जागेवर आहेत. त्या पूर्ण वाक्यात चहा मागताहेत, याचा अर्थ श्वासमार्ग मोकळा आहे आणि एका दमात वाक्य पुरं करण्याइतका श्वासही आहे. त्यांचा आजार श्वासाचा आहे, पण या क्षणी त्यांचा श्वास बिघडत चाललेला नाही. एबीसीमध्ये, म्हणजे श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण या क्रमात, आपण पेशंटची आत्ताची अवस्था बघतो, केसपेपरवरच्या निदानाला रांगेत नंबर देत नाही. उलट “श्वासाचा पेशंट” म्हणून कोणी धावत जाऊन ऑक्सिजन पाच-सहा लिटरवर नेला, तर कार्बन डायऑक्साइड वाढून आजी गुंगीत जाऊ शकतात. त्या पहिल्या कधी होतील? वाक्य तुटायला लागलं, दोन-दोन शब्दांवर दम लागला, सॅच्युरेशन 88 च्या खाली घसरत चाललं, किंवा मघापर्यंत बोलणाऱ्या आजी पेंगायला लागल्या, तर त्याच क्षणी.

आता सात नंबर. त्यांच्या चार्टवर एकच ओळ वाचली तर फारसं काही दिसत नाही, म्हणून तीन ओळी एकाखाली एक वाचा. अकरा वाजता नाडी 84, बीपी 126/78, श्वास 16. एक वाजता नाडी 102, बीपी 118/82. पावणेदोनला नाडी 118, बीपी 108/86, श्वास 24, आणि शेवटच्या तासात युरोबॅगमध्ये लघवी 20 मिली. वरचं बीपी अजून शंभरावर आहे, म्हणून मुलं “बीपी स्टेबल” लिहून मोकळी होतात. पण वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर बघा: 48, मग 36, मग 22. शरीरातलं रक्त कमी होतं तेव्हा रक्तवाहिन्या आवळून घेतात. त्याने खालचा आकडा वर सरकतो आणि वरचा काही काळ तग धरतो. लघवी किलोमागे तासाला निदान अर्धा मिली, म्हणजे या बाईंना 30 मिली व्हायला हवी. तहान, अस्वस्थपणा, वाढती नाडी, आटत चाललेली लघवी हे सगळं एकत्र आलं की पोटात रक्तस्राव होत असल्याचा संशय घ्यायचाच. या टप्प्यापर्यंत एकूण रक्ताच्या 15 ते 30 टक्के रक्त गेलेलं असू शकतं. बीपी धाडकन पडतं ते याच्याही पुढे.

ड्रेसिंग कोरडं असण्याने काही सिद्ध होत नाही. रक्त आत साठतं, किंवा खाली वाहून पाठीमागे जातं. म्हणून चादर उचलून कमरेखाली हात घालून बघायचं, पॅड बघायचं, पोट ताठ लागतंय का ते हळूच दाबून बघायचं. त्यांचा 24 झालेला श्वासही फुफ्फुसाच्या दोषाने वाढलेला नाही, तो रक्त कमी पडल्याने वाढला आहे. इथे पुष्कळ मुलं आणखी एक चूक करतात. तळमळ बघून ती टाक्यांची वेदना समजतात आणि गुंगीचं इंजेक्शन मागतात. ते दिलं की अस्वस्थपणाची खूण पुसली जाते आणि पुढचा अर्धा तास हातातून जातो.

तुम्ही एबीसी इथेही पाळलाच आहे, हे लक्षात घ्या. बाई बोलताहेत म्हणून ए ठीक, सॅच्युरेशन 97 म्हणून बी तूर्त ठीक. दहा सेकंदांत तिथून पुढे सरकून तुम्ही सीवर थांबलात. आता बेड सपाट करा, मदतीला हाक मारा, ऑक्सिजनचा मास्क लावा. जाड कॅन्युलाच्या दोन शिरा चालू असायला हव्यात, रक्त क्रॉसमॅचला पाठवायची तयारी ठेवा. पाणी द्यायचं नाही, कारण पुन्हा ओटीत न्यावं लागू शकतं. ओठ ओले करून द्या आणि का देत नाही ते त्यांना सांगा. सर्जनना फोन करताना “पेशंट अस्वस्थ आहे” एवढंच म्हणालात तर “पेनकिलर द्या” असं उत्तर यायची शक्यता मोठी. तिन्ही वेळांची नाडी, बीपी आणि लघवीचा आकडा सांगा, आंतरिक रक्तस्रावाची शंका आहे असं स्पष्ट म्हणा, आणि येऊन बघायला सांगा.

दुसरा मुद्दा थोडक्यात. क्रम बदलतो. पेशंट हाकेला उत्तर देत नाही, नेहमीसारखा श्वास नाही, दहा सेकंदांत नाडी लागली नाही, तर आधी छाती दाबायची: मिनिटाला 100 ते 120, तीस दाब मग दोन श्वास. अमेरिकन हार्ट असोसिएशनने मोठ्यांसाठीचा क्रम 2010 मध्येच सी-ए-बी केला. अपघातात रक्त भळाभळा वाहत असेल तर तिथेही आधी जखम घट्ट दाबून धरायची. बाकी ठिकाणी ए-बी-सी अगदी बरोबर आहे, आणि मेसेजमधला तेवढा भाग मी मान्य करते. भुलीतून अर्धवट जागा झालेला पेशंट घोरतोय, जीभ मागे पडली आहे, तर बीपीचा कफ बाजूला ठेवून आधी जबडा पुढे उचला. एकाच पेशंटमध्ये दोन गोष्टी एकदम बिघडल्या तर काय आधी, याचं उत्तर एबीसी देतो. चार पेशंटमध्ये कोण आधी, हे ठरवताना बिघाड नवा की जुना, वाढता की स्थिर, अपेक्षित की अनपेक्षित, हेही विचारावं लागतं.

तिसऱ्या मुद्द्याने मात्र माणसाचा पाय जाऊ शकतो. बारा नंबरच्या मुलीचं मोडलेलं हाड दुखणारच, पण प्लास्टरने हाड स्थिर झालं आणि इंजेक्शन दिलं की दुखणं उतरायला हवं. तिचं चढतंय. तिच्या पायाची बोटं तुम्ही हळूच वर वळवलीत आणि ती किंचाळली, बोटांमध्ये मुंग्या आहेत असं म्हणाली, तर प्लास्टरच्या आत सूज वाढून स्नायूंवर दाब येतो आहे असं धरा. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. बोटं गरम आहेत, पावलावरची नाडी लागते आहे, म्हणून निर्धास्त होऊ नका. नाडी जाते ती फार उशिरा. साधारण सहा तासांनंतर स्नायूंचं कायमचं नुकसान व्हायला लागतं. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा. उशांवर उंच केलात तर आधीच कमी पोचणारं रक्त आणखी कमी पोचेल. बर्फ नको. ऑर्थोच्या डॉक्टरांना लगेच बोलवा. प्लास्टर आतल्या कापसासकट पूर्ण लांबीला कापावं लागेल, तेवढ्याने भागलं नाही तर ओटी. अशा वेळी “दुखणं नंतर” लिहिणारा विद्यार्थी सीचीच खूण नजरेआड करतो.

राहिला मॅस्लो. माणसाच्या गरजांच्या पायऱ्यांची ही मांडणी त्याने 1943 च्या लेखात केली आणि खालची गरज शंभर टक्के भागल्याशिवाय वरची जागीच होत नाही, हा समज त्याने त्याच लेखात खोडून काढला. हा क्रम प्रत्येकाच्या बाबतीत तंतोतंत तसाच राहतो असंही त्याने म्हटलं नाही. नर्सिंगमध्ये आपण त्याचा उपयोग करतो तो जीवाला धोका नसलेल्या गरजा लावून घ्यायला: आधी अन्नपाणी, झोप, मलमूत्र, मग पडण्यापासून सुरक्षितता, मग धीर आणि आपलेपणा. तेवढ्यासाठी तो चांगला आहे. पण पेशंट रडताना दिसला की त्याला थेट वरच्या पायरीवर बसवायचं, हे त्यातून कुठे निघत नाही.

नऊ नंबरच्या मावशी बोट जाणार म्हणून रडताहेत हे खरं आहे. त्याबरोबर घाम आहे, चिडचिड आहे, पोटात इन्सुलिनपुढे अन्न नाही, आणि दीड तासात त्या इन्सुलिनचा जोर चढत चालला आहे. हे सगळं हँडओव्हरमध्येच होतं. सात नंबरजवळ मदत पोचली की लगेच, किंवा सोबतच्या सिस्टरना त्याच मिनिटाला सांगून, यांची शुगर ग्लुकोमीटरवर बघा. 70 च्या खाली असेल आणि गिळता येत असेल, तर साधारण 15 ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सुधारली की पोळी-भाजी खाऊ घाला. गुंगीत असतील तर तोंडात काही घालू नका, डॉक्टरांना सांगून शिरेतून ग्लुकोज लागेल. बारा नंबरच्या आधी मी यांना ठेवते, कारण मेंदूला साखरेवाचून फार वेळ काढता येत नाही आणि तपासणी मिनिटभराची आहे. कोणी बारा नंबरला आधी ठेवलं आणि कारण नीट लिहिलं, तर त्या उत्तरालाही मी मार्क देईन. शुगर 110 निघाली, तर मावशींजवळ खुर्ची ओढून बसायचं, उद्या नेमकं किती बोट काढणार हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय का ते विचारायचं, आणि ताट गरम करून आणायचं. तेव्हा त्यांचा नंबर खरोखर चौथा.