चार महिने पिशवीत राहिलेला सूट: एका स्टारला आमचं उत्तर

★☆☆☆☆
«नवऱ्याचा लग्नातला थ्री-पीस आणि शेरवानी यांच्याकडे ड्रायक्लीनला दिली होती. घालायला काढली तर कोटाच्या दोन्ही खांद्यांना टेंगळं, कॉलरखाली पांढरी बुरशी, कुबट वास. 550 रुपये घेऊन तारेचा फालतू हँगर देतात. तक्रार केली तर आम्हालाच शिकवायला लागले. कोणीही जाऊ नका.»

मालकाचं उत्तर:

ताई, नमस्कार. तुम्हाला जो त्रास झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. दसऱ्याच्या आधी ऐनवेळी कपडा असा निघाला म्हटल्यावर राग येणारच, आमच्या घरी झालं असतं तर मीही चिडलो असतो.

पण तुमच्या लिहिण्यात एक तारीख राहून गेली, आणि वाचणाऱ्याला वाटतं की आमच्याकडून आणला आणि दुसऱ्या दिवशी असा निघाला. सूट तुम्ही 29 मे रोजी नेलात. आमच्या पावतीपुस्तकात तुमची सही आहे. परत आणलात तो 4 ऑक्टोबरला. मधले चार महिने ठाण्यातला पावसाळा होता, आणि तो पूर्ण पावसाळा सूट आमच्याच प्लास्टिकच्या पिशवीत, आमच्याच तारेच्या हँगरवर, तुमच्या कपाटात होता. हे मी अंदाजाने म्हणत नाही. काउंटरवर पिशवी ठेवलीत तेव्हा खालची स्टेपलची पिन तशीच होती. आत पिनेने लावलेल्या टोकनावरची गुलाबी शाई ओलीने पसरून नंबर वाचता येत नव्हता. पिशवी उघडली तेव्हा चार गिऱ्हाईकं उभी होती, आणि तुम्ही सगळ्यांसमोर जे बोललात ते इथे लिहीत नाही. वडिलांच्या काळापासूनचं दुकान आहे, एवढंच म्हणतो.

ती पिशवी दुकानापासून घरापर्यंत धूळ लागू नये म्हणून असते, ठेवणीसाठी नाही. लोकरीचा कपडा फसवा असतो. तो आपल्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओल पोटात घेतो आणि तरी हाताला कोरडाच लागतो. उघड्यावर असला तर ती ओल हवा सुकी झाली की परत सोडतो. प्लास्टिकमध्ये ती जाणार कुठे? आतल्या आत फिरत राहते. दमटपणा 70 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये 80-90 तर रोजचेच. तुमच्या कोटावर ती कुठे होती बघा: कॉलरच्या खालच्या बाजूला, काखेत आणि पिशवीचं तोंड गोळा होऊन चिकटलं होतं त्या घेरावर. बाकी कोट स्वच्छ. जिथे प्लास्टिक कापडाला टेकलं आणि जिथे घामाचा थोडा अंश राहतो, तिथेच.

आता आमची बाजूही सांगतो, लपवत नाही. प्रेसवरून उतरलेला कोट वाफेने थोडा ओलसर असतो, तो निदान तासभर मोकळा टांगून मगच पिशवीत घालायचा असतो. मे महिन्याच्या शेवटी लग्नाची गर्दी होती. तुमचा टांगला होता की नाही हे मला आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. आणि पिशवी काढून ठेवा हे आमच्याकडून तोंडी सांगितलं गेलं नसेल, तर ती आमची चूक.

टेंगळांचं मात्र मला फार लागलं. हँगर फालतू आहे हे मान्य, पण तो फुकट असतो आणि घरी नेईपर्यंतचाच असतो. मी तुमचा सूट वजनकाट्यावर ठेवून पाहिला: कोट 900 ग्रॅम, पँट 500, वेस्टकोट 250. म्हणजे 1 किलो 650 ग्रॅम, सगळं एकाच तारेवर, चार महिने. तार सुतळीपेक्षाही बारीक. एवढं वजन बोटभर जागेवरही पसरत नाही, तारेची दोन टोकं आतून खांद्यात घुसतात. तुमच्या साहेबांचा खांदा पाठीमागून शिवणीपासून शिवणीपर्यंत 18 इंच भरला. तारेचा हँगर 16 इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना टोक शिवणीच्या एक इंच आत संपतं, आणि टेंगूळ बरोबर त्याच एक इंचावर होतं. तुम्हीच पट्टी लावून बघा. हँगर खांद्याहून लांब असता तर उलट झालं असतं, बाहीचा वरचा गोलवा बाहेर ढकलला गेला असता.

म्हणून हँगर घेताना कपाटाला शोभतो का हे न बघता कोटाला बसतो का हे बघा. कोट पालथा सपाट ठेवा, पाठीवरून दोन शिवणींमधलं अंतर मोजा आणि त्याहून एक इंच कमी मापाचा हँगर घ्या, दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच मोकळं राहतं. तुमच्या कोटाला 17 इंची. टोकांची जाडी निदान दोन इंच हवी, म्हणजे तीन बोटं नीट टेकतील एवढी, आणि टोकं थोडी पुढे वळलेली, आपला खांदा असतो तशी. हल्ली मखमलीचे पातळ हँगर फार खपतात. कपडा घसरत नाही हे खरं, पण जाडीला ते तारेचे मावसभाऊच. त्यांवर शर्ट लावा, सूट नको. प्लास्टिकचा जाड घेतलात तर कोट लावून समोरून बघा. दांडे वाकून खाली आले तर परत करा. लाकडी असेल तर ओल्या पांढऱ्या कपड्याने पुसून बघा, स्वस्तातलं पॉलिश पावसाळ्यात कापडाला रंग सोडतं. आणि पँट शक्यतो वेगळी टांगा, खालच्या घेराला क्लिप लावून उलटी. तिच्या वजनानेच सुरकुत्या निघतात आणि कोटाच्या खांद्यावरचा अर्धा किलो कमी होतो.

कव्हरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या दिवशी तुम्ही म्हणालात, «मग काय उघडा ठेवायचा?» मी तेव्हा नीट बोललो नाही, आवाज चढला, तो माझा दोष. उघडा नाही ठेवायचा. बाजारात जी नॉन-वोव्हन कव्हरं मिळतात ती चालतात, पण कव्हर तोंडाला लावून फुंकून बघा. हवा पलीकडे हाताला लागली तर घ्या. आतून चकचकीत थर असेल तर ती पिशवीच, फक्त दिसायला कापडाची. समोर प्लास्टिकची खिडकी असलेली आमच्या घरात मी ठेवत नाही, खिडकीमागेच डाग धरतात.

मला विचाराल तर मांजरपाट सगळ्यात चांगला. 48 इंच पन्ह्याचा सव्वा मीटर आणा. आधी गरम पाण्यात भिजवून धुवा, खळ जाते आणि आटायचा तेवढा आटतो. ही पायरी लोक टाळतात आणि मग खळीवर कसर येते, म्हणजे राखणदारानेच चोराला बोलावल्यासारखं. नंतर मधोमध घडी घालून कडेला आणि वर शिवण मारा, वर हूकपुरतं भोक ठेवा आणि खालचं तोंड उघडंच असू द्या, हवं तर दोन नाड्या लावा. आटून आणि शिवणीत जाऊन साधारण 22 इंच रुंद आणि 45 इंच लांबीचं कव्हर होतं, कोट आणि वेस्टकोट आरामात बसतात. कपाटात दोन कपड्यांत दोन बोटं जागा सोडा. तुमचं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून आहे असं तुमच्याच तोंडून निघालं होतं, तर जमत असेल तेवढं पुढे ओढा. डांबर गोळीने किडे पळतात, ओल जात नाही. पाऊस चालू असताना कपाट उघडून हवा खेळवण्यात अर्थ नाही, बाहेरची हवा त्याहून ओली असते. चक्क ऊन पडेल त्या दिवशी दुपारी दोन तास उघडा.

शेरवानीचं वेगळं आहे. जरदोजीचं काम आणि तीन किलोच्या आसपास वजन. हिला कोणताच हँगर नको, कितीही जाड असला तरी. खांद्याची शिवण ताणतेच, आणि कामाच्या वजनाने पुढचा भाग खाली लोंबतो. आडवी, मलमलच्या पंचात गुंडाळून, घडीत मलमलचाच बोळा ठेवून. दोन महिन्यांनी घडी वेगळ्या जागी पाडायची, नाहीतर जर तिथेच तुटते. ती टांगलेली होती हे तुम्हीच सांगितलंत.

कोटाचं सध्या काय झालं ते सांगतो. बुरशी आमच्या गच्चीवर उन्हात कोरड्या ब्रशने काढली (घरात झटकू नका, सगळीकडे बसते) आणि कोट पुन्हा ड्रायक्लीन केला, पैसे लावलेले नाहीत. खांद्यांना इस्त्रीवाल्या काकांनी आतून टॉवेलची गादी दिली, वरून ओला फडका, इस्त्री दाबली नाही, बोटभर उंचावरून पाच-सहा सेकंद वाफ दिली, तळव्याने थापटलं आणि 17 इंची जाड हँगरवर रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी परत तसंच. उजवा खांदा गेला. डाव्याची पुसटशी खूण आहे, कारण आतलं शोल्डर पॅडच दबलं आहे. अजून वाफ मारली तर कापडाला आतून चिकटवलेलं फ्युजिंग सुटून फुगे येतील, म्हणून आम्ही थांबलो. हवं असेल तर पॅड बदलून देता येईल, शिवणकाम बाहेर द्यावं लागेल, त्याचा खर्च निम्मा-निम्मा करू.

पुढे पिशवीवर सूचना छापायची असं ठरतंय, आणि जाड हँगर ठेवायचे का त्याचे दर काढतोय. 550 मध्ये तो बसत नाही, एवढं समजून घ्या. इथे लोक एक स्टार बघूनच पुढच्या दुकानात जातात, आणि काकांसारखी दोन घरं या काउंटरवर चालतात. तुम्ही स्टार बदला असं मी म्हणत नाही. तारीख तेवढी लिहा.

कोट आणि शेरवानी तयार आहेत. डावा खांदा दुकानातच उजेडात बघून मगच न्या. सोमवारी दुकान बंद असतं.