लाल ठिपका टेम्परेचर मोजत नाही, आणि ५ डिग्री मिळवून भागतही नाही

"आयआर गन घ्या, मोटर असो नायतर तेलाची कढई, लांबूनच रोखा, लाल ठिपका पडेल तिथलं टेम्परेचर अचूक मिळणार. गनवर १२:१ लिहिलंय म्हणजे १२ मीटरपर्यंत चालते. चकचकीत धातूवर जरा कमी दाखवते, तिथे सरळ ५ डिग्री मिळवा. जेवण शिजलं का तेपण यानेच कळतं, आत काही खुपसायची गरज नाही."

लांबून उष्णता टिपून टेम्परेचर दाखवणाऱ्या इन्फ्रारेड गनबद्दलचा हा मेसेज या महिन्यात मला तीन ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्याच प्लांटच्या मेंटेनन्सचा, म्हणून लिहायला बसलो.

आधी ठिपका. तुमच्या गनच्या लेझरच्या भोकावर काळ्या टेपचा बारका तुकडा लावा, मोठ्या लेन्सवर नाही, फक्त लेझरवर, आणि ट्रिगर दाबा. ठिपका गायब, आकडा मात्र येतोच. लेझर मोजायला नाहीच, तो फक्त नेम धरायला दिलाय. मोजणारा सेन्सर लेन्सच्या मागे बसलेला असतो आणि त्याला समोरचा एक गोल दिसतो, त्या सगळ्या गोलातून येणारी उष्णता तो एकत्र करतो आणि एकच आकडा देतो. त्या गोलात अर्धी मोटर आणि अर्धी मागची भिंत आली तर आकडा ना मोटरचा ना भिंतीचा. आणि लेझर लेन्सच्या शेजारी एक-दोन सेंटीमीटरवर बसवलेला असतो, म्हणून अगदी जवळून मारलं तर ठिपका एकीकडे आणि मोजलेली जागा दुसरीकडे असंही होतं.

१२:१ हे त्या गोलाचं माप आहे, पल्ल्याचं नाही. १२ पट अंतरावर १ पट गोल. म्हणजे ३० सेंटीमीटरवरून अडीच सेंटीमीटरचा गोल, १.२ मीटरवरून १० सेंटीमीटरचा, आणि १२ मीटरवरून चक्क १ मीटर व्यासाचा. एवढ्या गोलात आमची अख्खी मोटर, बेस फ्रेम आणि शेजारी उभा असलेला हेल्पर पण बसतो. त्यात हा गोल कडक काठाचा नसतो, बहुतेक कंपन्या ज्याच्यातून ९० टक्के सिग्नल येतो तेवढाच गोल सांगतात, उरलेला काठाच्या बाहेरून येतो. म्हणून जे मोजायचंय ते गोलाच्या निदान दुप्पट मोठं हवं.

एक हिशोब करून दाखवतो. बेअरिंगच्या बाजूचं गोल कव्हर, समजा ९ सेंटीमीटरचं, खरं ९२ डिग्रीला तापलंय. तुम्ही गार्डच्या बाहेर दीड मीटरवर उभे. गोल झाला साडेबारा सेंटीमीटर. क्षेत्रफळाने बघितलं तर त्यात कव्हर जेमतेम अर्धं, बाकी मागचं ३५ डिग्रीचं सगळं. गन दाखवेल साधारण ६८. ९२ ला काम काढायला हवं होतं आणि ६८ बघून "ओके" लिहून माणूस चहाला गेला. तेच ४० सेंटीमीटरवरून मारलं तर गोल साडेतीन सेंटीमीटरच्या आत आणि आकडा ९० च्या वर. आमच्याकडे लॉगशीटवर एका बेअरिंगचं टेम्परेचर दर तिसऱ्या दिवशी २० डिग्रीने उड्या मारायचं, सगळे ग्रीस, लोड, अलाइनमेंट शोधत बसले आणि शेवटी कळलं काय तर एक शिफ्टवाला जवळून घेतो आणि दुसरा उंबरठ्यावरून. आता जमिनीवर पिवळ्या पेंटने पावलं काढलीयेत, तिथेच उभं राहायचं.

आता चकचकीत धातू, आणि इथेच खरा घोळ आहे. गन टेम्परेचर मोजत नाही, पृष्ठभाग जी उष्णता बाहेर फेकतो ती मोजते आणि त्यावरून टेम्परेचर काढते. एकाच टेम्परेचरला सगळे पृष्ठभाग सारखी उष्णता फेकत नाहीत. हे जे प्रमाण आहे ते इमिसिव्हिटी. रंग, रबर, पाणी, तेल, माणसाची कातडी यांची ०.९ च्या आसपास किंवा वर. घासलेलं अ‍ॅल्युमिनियम ०.१ च्या आसपास, चकचकीत स्टील ०.१ ते ०.३. स्वस्त गनमध्ये ०.९५ हे फिक्स बसवलेलं असतं, बदलायचं बटणच नसतं. आणि धातू स्वतः जेवढं फेकत नाही तेवढं तो समोरचं परावर्तित करतो. म्हणजे गन चकचकीत प्लेटकडे बघते तेव्हा ती खरं तर आरशात बघत असते, प्लेट थोडीशी आणि आजूबाजूची खोली भरपूर.

आमच्याच कूलिंग पंपाच्या मोटरवर बघा. बॉडीला निळा पेंट, त्यावर मारलं तर ७१. चार इंच बाजूला नेमप्लेट, कोरी अ‍ॅल्युमिनियमची, मशीनसमोर उभं राहिलं की नेम आपोआप तिच्यावरच जातो कारण तीच डोळ्यात भरते, तिच्यावर ४३. शेडमध्ये त्या दिवशी ३४ डिग्री होतं. आता प्लेट बॉडीला रिव्हेट मारून चिकटलेली आहे, ती २८ डिग्री गार कशी राहील? मोटर बंद असताना तिच्यावर काळी इन्सुलेशन टेप लावली, हवेचे बुडबुडे बोटाने दाबून काढले, आणि मोटर परत तापली तेव्हा टेपवर मारलं. ६९.

मग पाच मिळवा का अठ्ठावीस? दोन्ही नाही, कारण चूक फिक्स नसते. रविवारी बंद पडलेल्या मोटरवर प्लेट आणि बॉडी दोन्हीवर ३४ च येतं, चूक शून्य. मोटर जितकी तापेल तितकी चूक वाढत जाते, म्हणजे नेमकं जेव्हा आकडा खरा हवा असतो तेव्हाच तो सगळ्यात खोटा. आणि कधीकधी चूक उलटी पण होते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली चकचकीत पाइपवर मारलं तर तापलेल्या पत्र्याचं प्रतिबिंब येतं आणि पाइप आहे त्यापेक्षा गरम दिसतो. तोच पाइप उघड्यावर निरभ्र आभाळाकडे तोंड करून असेल तर इतका गार दिसतो की माणूस गन आपटून बघतो. ह्या सगळ्याला एक मिळवायचा आकडा कुठून आणणार.

रंगाबद्दल पण सांगतो, काळ्यावर जास्त येतं पांढऱ्यावर कमी असं बरेच जण समजतात. आपल्या डोळ्याला दिसणारा रंग या गनच्या ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात जवळजवळ मोजलाच जात नाही, पांढरा ऑइल पेंट आणि काळा ऑइल पेंट दोन्ही ०.९ च्या वरच. अपवाद चंदेरी अ‍ॅल्युमिनियम पेंटचा, त्यात धातूचाच चुरा असतो, त्याची इमिसिव्हिटी निम्म्यावर येते. रिवाइंडिंगवाल्याकडून मोटर परत आली आणि त्याने चकाचक चंदेरी मारून दिली असेल तर जुने आकडे विसरा. मोटर "गार चालतेय" असं वाटेल आणि श्रेय वायंडिंगला जाईल.

ज्यांच्या गनमध्ये इमिसिव्हिटी बदलता येते त्यांनी टेपवर ०.९५ ला आकडा घ्यावा, मग शेजारच्या कोऱ्या धातूवर नेम धरून तोच आकडा येईपर्यंत सेटिंग खाली आणावं. हे ०.६ पर्यंत बरं चालतं. त्याच्या खाली गेलात की परावर्तनच इतकं होतं की समोर तुम्ही उभे राहिलात तरी आकडा हलतो, तिथे टेपच बरी. टेपचा तुकडा गोलाच्या दुप्पट घ्या, आणि पीव्हीसी टेप ८० च्या आसपास ढिली पडते, त्यापुढच्या कामाला मॅट काळा हीट-रेझिस्टंट पेंटचा एक ठिपका कायमचा मारून ठेवायचा. फिरत्या शाफ्टजवळ टेप घेऊन जाऊ नका, जे करायचं ते शटडाऊनमध्ये. आणि एवढं सगळं करून मिळतं ते बॉडीच्या कातडीचं टेम्परेचर, आतलं वायंडिंग त्याहून बरंच गरम असतं, ७१ म्हणजे वायंडिंग ७१ असं लिहू नका.

(मधल्यामध्ये, २०२० मधल्या कपाळाला लावायच्या गन काही जण अजून मोटरवर मारतात. त्या बॉडी मोडमध्ये कातडीच्या आकड्यावरून आतलं टेम्परेचर काढून दाखवतात आणि पल्ला तापाच्या आसपासचाच. मुलांना द्या खेळायला, लेझर नसेल तर.)

स्वयंपाकघरात तोच खेळ, फक्त इथे भाजतं. आमच्या ओळखीच्या एका वहिनींची मेस आहे, त्यांनी ही गन घेतली वड्यांसाठी. स्टीलच्या कढईच्या आतल्या कडेवर नेम, १८० येईपर्यंत थांबायचं. आता चकचकीत स्टील खरं २०० ला असलं तरी गन शंभराच्या आतच दाखवते, म्हणजे १८० येईपर्यंत थांबलात तर तेल धूर सोडून पेट घ्यायच्या वाटेवर असतं. मी गेलो तेव्हा धूर निघायला लागला होता आणि गन म्हणत होती ११०. पहिलं काम गॅस बंद. तेल स्वतः मात्र गनला चांगलं दिसतं, झाऱ्याने ढवळायचं, अर्ध्या मीटरवरून थोडं तिरकं मारायचं, गोल पूर्ण तेलात पडला पाहिजे, कढईची कड आत यायला नको. अगदी वरून मारलं की वाफ लेन्सवर बसते आणि आकडा खाली येतो. तव्याचं उलट, काळा पडलेला बिडाचा तवा गनला छान दिसतो, तिथे भरवसा ठेवा.

शिजलं का नाही हे मात्र गनला कधीच कळत नाही. तिला वरची साय दिसते. वहिनींच्या आमटीच्या पातेल्यावर ५८ आलं, त्या घाबरल्या कारण गरम ठेवलेलं जेवण ६० च्या वर हवं हे त्यांना माहीत होतं, ढवळून परत मारलं तर ७६. वर वाफ उडून पृष्ठभाग गार पडतो, आकडा खोटा नव्हता, फक्त वरच्या थराचा होता. चिकनला हे उलटं आणि धोक्याचं, बाहेरून ९० आणि हाडाजवळ ५५ असू शकतं. चिकन आत ७४ ला पोचलं का हे बघायला सुई खुपसावीच लागते, दोन-तीनशे रुपयांचा प्रोब मिळतो.

फ्रिजमधून स्टीलचा डबा काढला, खरा ४ डिग्री, गनने दाखवलं २५. वहिनी फ्रिजवाल्याला फोन लावायला निघाल्या होत्या. डब्याला मास्किंग टेपची पट्टी लावून परत आत ठेवला, तासाभराने काढल्या काढल्या पट्टीवर मारलं, ५ आलं.