पट्टी गडद आणि मीटरवर १.२: दोन्ही बरोबर कसे?

वाचकाची प्रतिक्रिया: "कीटोन रक्ताच्या मीटरवरच तपासा असं सांगताना लघवीच्या पट्टीला तुम्ही उगाच दुय्यम ठरवलंत. आमच्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे आणि वर्षानुवर्षं आमचं पट्टीवरच भागतं. गेल्या आजारपणात पट्टी गडद जांभळी आणि उसन्या मीटरवर मात्र १.२! मग चुकीचं कोण? आणि साखर २०० च्या आत असताना रुग्णालय गाठा म्हणणं म्हणजे लोकांना घाबरवणं आहे."

उत्तर: आधी एक विचारतो. त्या तपासणीच्या आधीच्या तीन-चार तासांत मुलाला जादा इन्सुलिन दिलं होतं का? दिलं असेल, तर चुकीचं बहुधा कोणीच नव्हतं. मीटर आणि पट्टी एकच गोष्ट मोजत नाहीत.

कीटोन म्हणजे इन्सुलिन किंवा अन्न कमी पडल्यावर शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ. रक्तात मुख्यतः दोन कीटोन फिरतात: बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट आणि ॲसिटोॲसिटेट. मीटर पहिला मोजतो. पट्टीवरच्या नायट्रोप्रुसाइड या रसायनाला रंग चढतो तो दुसऱ्यामुळे. पहिला तिला दिसतच नाही. एरवी दोघांचं प्रमाण साधारण बरोबरीचं असतं. इन्सुलिन कमी पडून कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साठून रक्त धोकादायक आम्लधर्मी होणं, सुरू झालं की पहिला दुसऱ्याच्या तिप्पट होतो, कधी दसपटही. म्हणजे पट्टीला जो दिसत नाही, नेमका तोच वाढतो. इन्सुलिन पोचलं की चक्र उलटं फिरतं: पहिल्याचा दुसरा होऊ लागतो, त्यामुळे माणूस सुधारत असतानाही पट्टी गडद राहते, कधी आणखी गडद होते. त्यात वेळेचाही फरक आहे. मीटर या क्षणाचं रक्त पाहतो; पट्टी मागच्या वेळेपासून मूत्राशयात साठलेलं सगळं एकत्र पाहते.

उदाहरण घेऊ. इन्सुलिन पंप वापरणारा मुलगा रात्री ११ ला लघवी करून झोपला. १ च्या सुमारास पंपाची नळी वाकली. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, त्यामुळे शरीरात मागे साठा उरत नाही आणि काही तासांत कीटोन चढतात. पहाटे ५ ला साखर ३१०, रक्तातले कीटोन १.९. पट्टी मात्र फिकट, बाटलीवरच्या रंगांशी जुळवली तर फार तर एक अधिक चिन्ह, कारण त्या लघवीतला सुरुवातीचा मोठा भाग इन्सुलिन चालू असतानाचा. आई-वडील पंपाचा सेट बदलतात, पण जादा मात्रा पंपातून न देता पेनने देतात. नळीवरचा भरवसा तेव्हा गेलेला असतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेला नियम दिवसाच्या एकूण इन्सुलिनच्या १० टक्के असेल आणि मुलाला दिवसाला ४० युनिट लागत असतील, तर ही मात्रा ४ युनिट. सोबत भरपूर पाणी. ७ ला रक्तात १.४, ९ ला ०.८. पट्टी? ७ ला दोन अधिक, ९ लाही दोन अधिक.

ज्यांच्याकडे फक्त पट्टी आहे ते ५ वाजता निश्चिंत होऊन परत झोपले असते आणि ९ वाजता घाबरून आणखी इन्सुलिन दिलं असतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. पहिली चूक उशीर करते, दुसरी साखर धोकादायक खाली आणते. तुमचा १.२ आणि गडद पट्टी या दुसऱ्या टप्प्यातले असावेत. खात्री एकाच मार्गाने होते: दोन तासांनी पुन्हा रक्त तपासणे. आकडा उतरला असेल तर उपचार लागू पडतोय.

मीटरही चुकतो, पण वेगळ्या कारणांनी. कीटोनच्या स्ट्रिप वेगळ्या असतात. साखरेची स्ट्रिप लावली तर तो निमूटपणे साखर मोजतो, म्हणून पडद्यावर कीटोनचं चिन्ह आणि mmol/L दिसतंय ना ते पाहा. पाकिटाला भोक पडलेली किंवा मुदत संपलेली स्ट्रिप टाकून द्या. रक्त अपुरं पडलं तर मीटर आकड्याऐवजी एरर दाखवतो. हात धुऊन कोरडे करून टोचा.

आकड्यांचा अर्थ मधुमेह असणाऱ्यासाठी असा. ०.६ च्या खाली काळजी नाही. ०.६ ते १.५ असेल तर पाणी, ठरलेलं इन्सुलिन आणि दोन तासांनी फेरतपासणी. १.५ च्या वर पण ३ च्या आत धोका वाढलेला. जादा इन्सुलिन देऊन डॉक्टरांना फोन करायचा आणि पुढच्या दोन तासांत आकडा खाली आला नाही तर रुग्णालय. ३ किंवा जास्त असेल तर वाट न पाहता निघायचं. उपवास किंवा कमी कर्बोदकांच्या आहाराने मधुमेह नसलेल्या माणसाचे कीटोन १-२ वर जाऊ शकतात, तो प्रकार वेगळा. तिथे इन्सुलिन शाबूत असतं.

आता साखर २०० च्या आतली. कीटोॲसिडोसिसमध्ये रक्त आम्लधर्मी होतं ते कीटोनमुळे, साखरेमुळे नव्हे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात; त्यामुळे इन्सुलिन अपुरं असलं तरी रक्तातली साखर १८० दिसू शकते आणि कीटोन चढत राहतात. गरोदरपणात आणि उलट्यांमुळे पोटात काही न टिकल्यावरही असं घडतं. या गोळ्या घेणाऱ्याला मळमळ, उलट्या, पोटदुखी किंवा धाप सुरू झाली, तर गोळी थांबवून साखर कितीही असो रक्तातले कीटोन तपासावेत, आणि १.५ च्या वर असतील तर थेट रुग्णालयात जावं. तिथे पोचल्यावर गोळीचं नाव आधी सांगा. नाही तर साखर पाहून "काही नाही, घरी जा" असं ऐकावं लागण्याची भीती असते. गरोदर स्त्रीलाही १.५ च्या पुढे घरी थांबवू नये.

आकडा काहीही असो, पाणीही पोटात टिकत नसेल, श्वास खोल आणि जोरात चालला असेल, गुंगी येत असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल, तर तपासणीत वेळ घालवू नका. आणि खाणं बंद आहे म्हणून दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन कधीही बंद करू नका. टाइप १ मध्ये घरच्या घरी कीटोॲसिडोसिस ओढवून घेण्याचा तो सर्वांत सरळ रस्ता आहे.

पट्टी फेकून द्या असं मी म्हणणार नाही. मीटर नसेल तेव्हा पट्टी हाताशी असणं काहीच नसण्यापेक्षा केव्हाही बरं. फक्त पहिली लघवी करून टाका, पाणी प्या आणि अर्ध्या तासाने आलेल्या ताज्या लघवीवर पट्टी लावा. बाटलीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवा. काही पट्ट्यांना १५ सेकंद असतात, काहींना ४०, आणि उशिरा पाहिलं तर रंग उगाच गडद दिसतो. झाकण उघडं राहून दमट झालेली पट्टी कीटोन असूनही कोरीच राहू शकते, म्हणून बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. आणि हातात फक्त पट्टीच असेल तर दोन अधिक दिसताच रुग्णालयात जा, कारण कीटोन चढतायत की उतरतायत हे त्या रंगावरून कळत नाही.