दिवा आधी लागला म्हणून गुण मिळत नाही

"तलवारबाजी म्हणजे नुसता दिव्यांचा खेळ. तिन्ही तलवारी एकच, फक्त वजन वेगळं. ज्याचा दिवा आधी लागेल त्याला गुण. दोन्ही लागले तर पंच मनाला येईल त्याला देतो, त्याला म्हणे 'राइट ऑफ वे'. म्हणजे जो पुढे पळेल त्याचा गुण. मुलांना एवढंच शिकवा: पुढे पळा!"

हा मजकूर माझ्या भाचीच्या क्लासमधल्या पालकांच्या ग्रुपवर आला आणि रविवारी तिने तो अमलात आणला. कोपर मागे ओढून ती पुढे धावत सुटली आणि समोरच्या मुलीच्या फॉइलचं, म्हणजे तिच्या तलवारीचं, टोक तिच्या गळपट्टीच्या हाडाखाली बसलं. जॅकेटमुळे निभावलं, पण काळानिळा डाग चार दिवस होता. घरी आल्यावर पहिला प्रश्न दुखण्याचा नव्हता. "मावशी, पुढे मी होते, मग टच तिला का दिला?"

मी कॉलेजात फॉइल खेळले, आता जिल्हा पातळीवर पंच म्हणून उभी राहते. हा प्रश्न दर स्पर्धेत येतो, त्यामुळे आता सविस्तरच लिहिते.

तलवारींचं आधी उरकते. फॉइल आणि सेबर दोन्हींची कमाल मर्यादा 500 ग्रॅमच आहे, इपीची 770. म्हणजे 'फक्त वजन वेगळं' हे दोन हत्यारांपुरतं सरळ चूक. खरा फरक कशाने मारायचं आणि कुठे मारायचं यात आहे. फॉइलमध्ये फक्त टोकाने, आणि फक्त धडावर. हातापायाला लागलं तर टच टिपणाऱ्या यंत्राचा पांढरा दिवा लागतो, खेळ थांबतो, गुण कुणालाच नाही. इपीतही टोकच, पण डोक्यापासून बुटापर्यंत सगळं अंग लक्ष्य. सेबरमध्ये कंबरेच्या वर, डोकं आणि हात धरून, आणि टोकाबरोबर पात्याचा वारही चालतो. सामना सुरू होण्याआधी पंच फॉइलच्या टोकावर 500 ग्रॅमचं वजन ठेवतो, इपीच्या टोकावर 750 ग्रॅमचं. आतल्या स्प्रिंगने ते वर उचललं तरच हत्यार चालतं. नुसतं टोक घासून दिवा लागू नये, म्हणून ही तपासणी.

आता दिवे. इथे थोडं खरं आहे, ते मान्य करते: इपीत खरोखरच जो आधी लागला त्याचा गुण. पहिला टच झाल्यावर सेकंदाच्या साधारण पंचविसाव्या भागात दुसरा झाला तर दोघांनाही गुण, त्यानंतर यंत्र दुसऱ्याचा दिवा लावतच नाही. इपीत राइट ऑफ वे नाही. ते द्वंद्वयुद्धाचं हत्यार, तिथे कुठेही पहिली जखम झाली की झालं.

पण फॉइलचं यंत्र पहिल्या टचनंतर 300 मिलिसेकंद दुसऱ्याची वाट पाहतं, सेबरचं 170. तेवढ्या वेळात दोघांचे टच आले की दोन्ही दिवे लागतात. कोण आधी लागला हे त्या दिव्यांवरून ठरत नाही, ते यंत्राचं कामच नाही. दोन्ही टच पोहोचले, एवढंच ते सांगतं. पुढचं काम पंचाचं.

ते काम कशावर चालतं? फॉइल हे मुळात खऱ्या तलवारीच्या सरावाचं हत्यार. समोरून खरं टोक छातीकडे येत असेल तर शहाणा माणूस आधी ते बाजूला सारतो, मग मारतो. तसं न करता त्याच क्षणी आपणही टोक पुढे केलं तर दोघंही मेले. राइट ऑफ वे म्हणजे एवढंच: येणारा हल्ला आधी निकामी करा, मग तुमची पाळी.

आणि हल्ला कशाला म्हणायचं, हे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमपुस्तकात स्पष्ट आहे. हात लांब होत जाणं आणि टोकाने प्रतिस्पर्ध्याच्या लक्ष्याला सतत धोका असणं, तेही लंज म्हणजे पुढचा पाय लांब टाकून घेतलेली झेप, किंवा फ्लेश म्हणजे धावत घेतलेली झेप, यांच्या आधी. व्याख्येत हात आहे, टोक आहे, पळणं नाही. सेबरमध्ये तर पुढे जाताना मागचा पाय पुढच्या पायाच्या पुढे टाकणंच निषिद्ध आहे. पिवळं कार्ड मिळतं आणि लागलेला टच रद्द होतो. 'पुढे पळा' हा सल्ला सेबरच्या मुलाने ऐकला तर त्याला मिळणार ते कार्ड.

भाचीचा तो टच आता नीट पाहू. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तिची मूठ कमरेपाशी, टोक छताकडे. दुसऱ्या पावलालाही तेच. तिथेच समोरच्या मुलीने हात सरळ केला, टोक छातीवर धरलं आणि लंज मारला. मग कुठे आमच्या बाईंचा हात निघाला. दोन्ही दिवे लागले. पण त्या दोन पावलांत भाचीच्या टोकाचा धोका कुणालाच नव्हता. ती तयारी होती, हल्ला समोरच्या मुलीचा होता. तिने हात पहिल्याच पावलाला लांबवायला घेतला असता तर तेच दोन दिवे लागले असते आणि टच तिला मिळाला असता.

तिला दुसरा प्रकारही दाखवला. समज, तू नीट हल्ला केलास, तिने पात्याने तुझं पातं बाजूला केलं, म्हणजे पॅरी. आता हक्क तिचा, तिच्या उलट माराला रिपोस्ट म्हणतात. तू तिथेच उभं राहून पुन्हा टोक रेटलंस आणि तिचा रिपोस्टही लागला, तर दोन दिवे, पण टच तिचा. पंच हाताने खूण करत हेच म्हणतो: अटॅक, पॅरी, रिपोस्ट, टच. तिने पॅरी केली पण लगेच मारलं नाही, घुटमळली, तर हक्क पुन्हा मोकळा, तुझं दुसरं टोक आता चालतं. आणि तुझा हल्ला कमी पडून हवेतच संपला, तरी हक्क गेला.

'पंच मनाला येईल त्याला देतो' यावर नाइलाजाने एक कबुली देते. हात वाकवून पुढे येणाऱ्याची तयारी कधी संपली आणि हल्ला कधी सुरू झाला, यावर दोन चांगल्या पंचांचं एकमत होत नाही असं घडतं. पुढे येणाऱ्याला झुकतं माप मिळतं ही तक्रारही पोकळ नाही. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत व्हिडिओ पाहतात. सेबरमध्ये दोघं एकाच वेळी निघाले आणि दोघांचे हल्ले लागले तर पंच कुणालाच गुण देत नाही. मनाला येईल त्याला द्यायचा असता, तर इथेही कुणाला तरी दिलाच असता. आणि हा नशिबाचा खेळ असता तर टोकियोत, ऑलिंपिकला गेलेली पहिली भारतीय तलवारबाज भवानी देवी सेबरचा आपला पहिला सामना 15-3 ने जिंकली नसती.

काल भाचीने ग्रुपवरचीच एक क्लिप काढली. मी तिला दिव्यांवर अंगठा ठेवायला लावला, वेग पाव केला आणि पायांकडे न बघता फक्त मुठींकडे बघायला सांगितलं. ती म्हणाली, "डावीकडच्याचा अटॅक... पातं लागलं, पॅरी... रिपोस्ट उजवीकडच्याचा." अंगठा काढला. दोन्ही दिवे लागलेले होते, पंचाचा हात उजवीकडे होता.