दिवा लागला नाही म्हणून बॅटरी ठणठणीत?

"कारची बॅटरी थंडीत मरते, उन्हाळ्यात तिला काही होत नाही. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागत नाही तोवर निर्धास्त राहा. उन्हाळ्यात पाणी कमी झालं तर थोडं ॲसिड टाका, ताकद परत येते. वरचा हिरवा डोळा दिसतोय ना, मग बॅटरी चांगली. आणि रोज १० मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा, बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. सगळ्यांना पाठवा!"

सगळ्यांना पाठवलंच. घरच्या ग्रुपवर आलं आणि संध्याकाळपर्यंत धाकटा भाऊ ॲसिडची बाटली कुठे मिळते ते विचारत होता. म्हणून हे लिहिणं.

थंडीबद्दलच्या वाक्यात अर्धं सत्य आहे, ते आधी देऊन टाकतो. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनचं ऑइल घट्ट होतं, आणि सेल्फला नेमका तेव्हाच जास्त जोर लावावा लागतो. त्यामुळे गाडी बंद पडते ती बऱ्याचदा थंडीतल्या सकाळी, हे खरं. पण तिथे उघड होतं ते दुखणं उन्हाळ्यात लागलेलं असतं. उलट उन्हाळ्यात तीच दुखणाईत बॅटरी बरी वाटते. गरम बॅटरीचा अंतर्गत रोध कमी असतो, ऑइल पातळ असतं, सेल्फ मारला की इंजिन लगेच उचलतं. उष्णता बॅटरीला आतून खाते आणि वरून पांघरूणही घालते.

खाते कशी? रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो याचं समीकरण स्वांते आऱ्हेनियसनं १८८९ मध्ये मांडलं. (पाण्यात विरघळलेल्या ॲसिडचे आयन कसे सुटे होतात हाही त्याचाच विषय, १९०३ चं नोबेल त्यासाठीच. बॅटरीच्या वादात यापेक्षा मोठा साक्षीदार मला सापडणार नाही.) शिसे-ॲसिड बॅटरीसाठी त्यातून निघालेला व्यवहारातला ठोकताळा असा: तापमान १० अंशांनी वाढलं की झिजेचा वेग साधारण दुप्पट, म्हणजे आयुष्य निम्मं. हिशोबाचा पाया २५ अंश सेल्सिअस.

आता एक दिवस मोजून बघा. समजा दिवसातले ४ तास बॅटरी ५५ अंशांवर असते, म्हणजे गाडी चालताना आणि बंद केल्यावर बॉनेटखाली कोंडलेल्या उष्णतेत. उरलेले २० तास ती ३५ वर असते. ५५ म्हणजे पायापेक्षा ३० अंश वर, म्हणजे तीनदा दुप्पट, ८ पट झीज. ३५ वर २ पट. ४ गुणिले ८ झाले ३२, २० गुणिले २ झाले ४०, बेरीज ७२. २४ नं भागलं की ३. असा एक महिना गेला की बॅटरीचे ३ महिने गेले. हा ठोकताळाच आहे, घड्याळ नव्हे. पण उन्हाळ्यात काही होत नाही म्हणणाऱ्यानं निदान हा भागाकार तरी करून दाखवावा.

ही झीज मुख्यतः दोन ठिकाणी होते. एक, धन पट्टीच्या आतली शिशाची जाळी. ती गंजत जाते, गंजताना फुगते आणि पसरते, आणि तिच्यावर बसवलेला लेप सैल पडतो. लेप आहे, ॲसिड आहे, पण विजेला बाहेर यायची वाट अरुंद झालेली. दोन, पाणी. चार्ज होताना थोडं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन निघून जातं. बॅटरी गरम असेल तर हे कमी व्होल्टेजवरच सुरू होतं. म्हणून गरम बॅटरीला कमी व्होल्टेजनं चार्ज करायला हवं: १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण २४ मिलिव्होल्ट कमी. बॅटरी ५५ वर असेल तर २५ अंशांच्या मानानं ०.७ व्होल्टहून जास्त फरक झाला. पण पुष्कळ गाड्यांत चार्जचं व्होल्टेज ठरवणारा रेग्युलेटर इंजिनच्या जोरावर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या पोटात बसलेला असतो, तो स्वतःचं तापमान बघतो, बॅटरीचं नाही. मग गरम बॅटरी जास्त चार्ज होते आणि आणखी उकळते.

आता तो लाल दिवा. सगळ्या मजकुरात यानंच माणसं सर्वांत जास्त फसतात. दिव्यावर चित्र बॅटरीचं आहे, पण तो बॅटरीवर लक्ष ठेवतच नाही. जुन्या, सरळ जोडणीत दिव्याचं एक टोक चावीमार्गे बॅटरीकडे असतं आणि दुसरं अल्टरनेटरकडे. चावी फिरवली, इंजिन बंद आहे, तर एका बाजूला १२ व्होल्ट आणि दुसरीकडे जवळजवळ शून्य, म्हणून दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की दोन्हीकडे १४ च्या आसपास. फरक उरला नाही, दिवा विझला. पट्टा तुटला, अल्टरनेटर गेला, तर तो पुन्हा लागेल. पण अल्टरनेटर धडधाकट आणि बॅटरी मरायला टेकलेली असेल, तर दोन्ही टोकांना १४ व्होल्टच राहणार आणि दिवा शांत राहणार. बॅटरी मरेपर्यंत तो लागणार नाही. काही नव्या गाड्यांत ऋण टर्मिनलवर वेगळा सेन्सर असतो आणि स्क्रीनवर बॅटरीची सूचना येते; ती सोय निराळी, हा दिवा निराळा.

मग आधी काय दिसतं? पहिली खूण कानाला कळते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना सेल्फ पहिल्या अर्ध्या फेऱ्यात अडखळतो, मग फिरतो. दुसऱ्यांदा मारला की सरळ. दुपारी गरम गाडीत हे जाणवतच नाही, म्हणून सकाळचाच आवाज ऐकायचा. सेल्फ मारताना घड्याळ शून्यावर जाणं, ही त्याच दुखण्याची पुढची पायरी. ट्रॅफिकमध्ये आपोआप बंद-चालू होणारं इंजिन बंद व्हायचं थांबलं, तर तेही लक्षात घ्या. मात्र भर उन्हात एसीच्या ओढीमुळेही ते बंद होत नाही. म्हणून निर्णय त्यावरून नको, गार सकाळी काय होतं ते बघा.

दुसऱ्या खुणा बॉनेट उघडल्यावर दिसतात. बॅटरीच्या सहा कप्प्यांपैकी, म्हणजे सेलांपैकी, एकाच सेलचं पाणी इतरांपेक्षा लवकर उतरणं. धन टर्मिनलच्या बुडाशी झाकण किंचित वर उचललेलं दिसणं, कारण आतली जाळी पसरून खांबाला वर ढकलते. साफ करूनही थोड्याच दिवसांत टर्मिनलवर पुन्हा पांढरी-निळसर भुकटी. डब्याच्या बाजू फुगणं आणि सडक्या अंड्याचा वास ही मात्र लवकरची खूण नव्हे. तिथे सेल्फ मारायचाच नाही, गाडी बंद ठेवायची आणि बॅटरी बदलायची.

खात्री मल्टिमीटरनं होते. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी काहीही चालू करायच्या आधी थेट टर्मिनलच्या खांबांवर व्होल्टेज घ्या. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. मग दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगून सर्वांत खालचा आकडा टिपा. भरलेली बॅटरी गार नसलेल्या हवेत १० च्या वर राहायला हवी, ९.६ च्या खाली गेली तर बॅटरीत दम नाही, नाहीतर सेल्फच जास्त करंट ओढतोय.

पण नुसत्या पहिल्या आकड्यावर जाऊ नका. समजा मीटर १२.५ दाखवतोय. छान वाटतं. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतलं ॲसिड पाण्याच्या किती पट दाट आहे, ते बघा. समजा पाच सेल १.२५५ आणि एक १.१९० निघाला. सेलचं व्होल्टेज साधारण ग्रॅव्हिटी अधिक ०.८४ इतकं असतं. म्हणजे पाच सेल प्रत्येकी २.०९५, एक २.०३, बेरीज १२.५. बेरीज बरोबर, बॅटरी मात्र बाद. सेलांमध्ये ०.०५० पेक्षा जास्त फरक हा त्या सेलच्या मरणाचा दाखला, आणि सेल एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे सगळ्यांचा करंट त्या एका कमकुवत सेलमधून जातो. सेल्फ मारला की तोच आधी कोसळतो. सगळे सेल एकाच तापमानाला असतात, त्यामुळे या तुलनेसाठी तापमानाची दुरुस्तीही करावी लागत नाही.

ॲसिडबद्दल मात्र आवाज चढवूनच सांगतो: टाकू नका. उडून जातं ते पाणी. ॲसिड आतच राहतं आणि पाणी कमी झाल्यामुळे आधीच तिखट झालेलं असतं. त्यात आणखी ॲसिड ओतलं की जाळी आणि पट्ट्यांमधले पडदे जास्त वेगानं खाल्ले जातात. हायड्रोमीटरचा आकडा वर चढतो, म्हणून ताकद आल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात भरलेला चार्ज तेवढाच असतो. ॲसिड घालायची वेळ येते ती बॅटरी कलंडून ते सांडलं असेल तरच, आणि तेही जाणकारानं मोजून. बाकी वेळी फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यातले क्षार आत साठत जातात. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच पाणी घाला, बॅटरी चार्ज करा, आणि मग खुणेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पातळी वाढून ॲसिडमिश्रित पाणी वर येतं आणि टर्मिनल खातं. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, जवळ ठिणगी नको, कारण पाणी उतरलेल्या सेलमध्ये वर मोकळ्या जागेत हायड्रोजन साठलेला असतो. सीलबंद बॅटरीची झाकणं स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका.

हिरवा डोळा म्हणजे एक छोटा हायड्रोमीटरच, आणि तो सहापैकी एकाच सेलमध्ये बसवलेला असतो. वरच्या उदाहरणातला १.१९० वाला सेल शेजारचा असेल तर डोळा हिरवाच दिसेल.

आणि ती १० मिनिटं. एकदा सेल्फ मारायला समजा १५० अँपियर २ सेकंद लागले, तर खर्च झाला ०.१ अँपिअर-तासाहूनही कमी. तेवढा भरून निघतो. पण अर्धी उतरलेली बॅटरी भरायला तास लागतात, आणि जागेवरच्या संथ इंजिनात अल्टरनेटर कमीच देतो. वर बॉनेटखाली वारा नाही, म्हणजे बॅटरी तापते. उभ्या गाडीची बॅटरी टिकवायची असेल तर तापमान बघून व्होल्टेज बदलणारा चार्जर लावा, नाहीतर गाडी सावलीत ठेवून आठवड्यातून एकदा तासभर खरोखर रस्त्यावर चालवा.