लिलिथची रास सांगण्याआधी: कुठली लिलिथ?

"वेस्टर्न रीडिंगमध्ये खरा माणूस सूर्य-चंद्रात नाही, लिलिथ आणि लघुग्रहांत दिसतो. लिलिथच्या राशीवरून तुमची दडपलेली बाजू नेमकी कळते. राहू नुसता बिंदू असून चालतो, मग लिलिथ का नको? जितके लघुग्रह टाकाल तितकं रीडिंग खोल जातं. शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी."

हा दावा शिकणाऱ्यांच्या कानावर नेहमी पडतो. त्यातलं आधी राशीचं बघू, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो.

चंद्र पृथ्वीभोवती लंबवर्तुळात फिरतो. त्या कक्षेत पृथ्वीपासून सर्वांत दूर असलेला बिंदू ज्या दिशेला असतो, ती दिशा म्हणजे लिलिथ. तिथे कुठलाही दगड किंवा ग्रह नाही. आपल्याकडे हिला चंद्रोच्च म्हणतात. सूर्यसिद्धान्तात 43,20,000 वर्षांच्या महायुगात चंद्रोच्चाच्या 4,88,203 फेऱ्या दिल्या आहेत. भागाकार केला की एका फेरीला सुमारे 8.85 वर्षं येतात, आणि आजची संगणकीय पंचांगंही तेवढीच देतात. गंमत अशी, की आपल्या गणितज्ञांनी हे उच्च चंद्राची स्पष्ट गती काढायला वापरलं, पत्रिकेत ग्रह म्हणून मात्र कधी मांडलं नाही.

8.85 वर्षांत बारा राशी म्हणजे एका राशीत सुमारे नऊ महिने. दिवसाची चाल पावणेसात कलांच्या आसपास. आता 1 जानेवारी 2000 रोजी सायंकाळी साडेपाचला नाशिकमध्ये जन्मलेली मुलगी घ्या. तिची मध्यम लिलिथ सायन धनूच्या 23 अंशांवर येते. ती धनूत शिरली जून 1999 मध्ये आणि बाहेर पडली फेब्रुवारी 2000 च्या अखेरीस. या काळात जन्मलेल्या प्रत्येकाची लिलिथ धनूतच. म्हणजे शाळेतल्या तिच्या अर्ध्याअधिक वर्गाची 'दडपलेली बाजू' एकच! राशीवरून फार तर एका पिढीच्या तुकड्याबद्दल काही म्हणता येईल, एका व्यक्तीबद्दल नाही.

नाशिककर शिकाऊ लोक आणखी एका ठिकाणी हमखास चुकतात. पाश्चात्त्य मांडणी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली. घरातली पत्रिका निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली असते, त्यामुळे अॅपमध्येही लाहिरी अयनांश, म्हणजे या दोन्हींतला फरक, निवडलेलं असतं. 2000 साली ते सुमारे 23 अंश 51 कला होतं. तेवढं वजा झालं की हीच लिलिथ वृश्चिकेच्या अगदी शेवटच्या अंशात जाऊन बसते. मग वृश्चिकेच्या लिलिथचं पाश्चात्त्य पुस्तकातलं वर्णन वाचलं जातं आणि "किती बरोबर आहे!" असंही म्हटलं जातं. ताळा सोपा आहे: 1 जानेवारी 2000 ला सूर्य मकरेच्या 10 अंशांच्या आसपास दिसला तर मांडणी सायन, धनूच्या मध्यावर दिसला तर निरयन.

सायन-निरयन मिटलं तरी 'कुठली लिलिथ' हा प्रश्न उरतोच. वर वापरली ती मध्यम, म्हणजे सरासरी गतीने सरळ पुढे जाणारी. दुसरीला 'ट्रू' लिलिथ म्हणतात. त्या क्षणाच्या चंद्राच्या जागेवरून आणि वेगावरून जी तात्पुरती कक्षा निघते, तिचा हा दूरचा बिंदू. सूर्याच्या ओढीमुळे ती कक्षा सतत बदलते, म्हणून हा बिंदू मागेपुढे झोके घेतो आणि मध्यम जागेपासून 30 अंशांपर्यंत सरकतो. म्हणजे चक्क एक रास. 'ट्रू' या नावाने फसू नका. चंद्र स्वतः त्या बिंदूवर किंवा बरोबर त्याच्या समोर असतो तेव्हाच तो खऱ्या अर्थाने जुळतो, मधल्या दिवसांत तो नुसता गणिताचा झोका असतो. तिसरी लिलिथ हा खराखुरा लघुग्रह आहे. त्याचा क्रमांक 1181, शोध 1927 चा, आणि चंद्राच्या कक्षेशी त्याचा काही संबंध नाही. astro.com वर जादा वस्तूंच्या यादीतली Lilith म्हणजे मध्यम. `h13` टाकलं तर ट्रू येते आणि `1181` टाकलं तर लघुग्रह. तिन्ही नावांनी लिलिथच, जागा मात्र तीन. कोणी "माझी लिलिथ तुळेत" म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारावा.

राहूशी तुलना इथेच अडते. राहूही बिंदू आहे, हे खरं. पण मध्यम राहू आणि स्पष्ट राहू यांच्यातला फरक दोन अंशांच्या आत राहतो. कुठलाही घेतला तरी रास बदलते ती क्वचित, राशीच्या काठावर. दोन पद्धतींत 30 अंशांपर्यंत फरक पडणारा बिंदू आणि दोन अंशही न पडणारा बिंदू, यांना एकाच तराजूत कसं घालणार?

लघुग्रहांच्या संख्येबद्दल बोलायचं तर साधा हिशेब पुरे. पत्रिकेत सूर्यापासून प्लुटोपर्यंत दहा ग्रह. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एक-एक अंश सूट दिली तर 360 पैकी 20 अंश 'युतीची जागा' होतात. म्हणजे कुठलाही एक लघुग्रह निव्वळ योगायोगाने युतीत सापडण्याची शक्यता अठरात एक. वीस लघुग्रह टाकले तर निदान एक युती सापडण्याची शक्यता सुमारे 68 टक्के. हजार टाकले तर पन्नासाहून जास्त युत्या सहज निघतील आणि त्यातल्या एखाद्याचं नाव आयुष्यातल्या कशाशी तरी जुळेलच. शंका असेल तर चिठ्ठी टाकून एक खोटी जन्मतारीख काढा आणि तीच यादी तिच्यावर चालवा. तेवढ्याच युत्या मिळतील. याला खोली म्हणत नाहीत, जाळं मोठं केलं म्हणतात.

मग काय ठेवायचं? सेरेस, पॅलास, जुनो आणि व्हेस्टा हे 1801 ते 1807 मध्ये सापडलेले चौघे आणि 1977 मध्ये सापडलेला कायरॉन, एवढ्यांवर पाश्चात्त्य परंपरेत थोडंफार सुसंगत लेखन आहे. पण कायरॉनच्या फेरीला सुमारे 50 वर्षं लागतात, तेव्हा त्याची रास लिलिथहूनही कमी बोलते. शिकणाऱ्याने आधी सूर्य, चंद्र, लग्न, लग्नेश आणि ग्रहांचे मुख्य योग यांवरून वाचन लिहून काढावं. मगच हे पाच आणि मध्यम लिलिथ तपासावी, तीही फक्त सूर्य, चंद्र, लग्न किंवा दशमबिंदू यांच्याशी एका अंशात युती असेल तर. लग्नासाठी जन्मवेळ मिनिटापर्यंत खात्रीची हवी, कारण लग्न सरासरी चार मिनिटांत एक अंश सरकतं. "साडेपाचच्या सुमारास" अशी वेळ असेल तर लग्नावरची एका अंशाची युती सोडूनच द्या. भावही तसाच डळमळीत.

वरच्या मुलीच्या पत्रिकेत सूर्य मकरेच्या 10 अंशांवर आहे, म्हणजे मध्यम लिलिथपासून सुमारे 17 अंश लांब. चंद्र वृश्चिकेच्या 13 अंशांवर, आणखी दूर. जवळात जवळ बुध, मकरेच्या 2 अंशांच्या आसपास, तोही सुमारे 8 अंश पुढे. प्लुटो धनूच्या 11 अंशांवर, 12 अंश मागे. सूर्य-चंद्राशी युती नाही आणि साडेपाच ही वेळ मोघम, म्हणून लग्न-दशमाचा विचार बाद. तिच्या वाचनात लिलिथबद्दल एक ओळही लिहायची नाही. `h13` चालवून मुद्दाम प्लुटोजवळची युती शोधायला गेलात, तर आधी उत्तर ठरवून मग सेटिंग निवडल्यासारखं होईल.