बातमी सोपी करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

हिंदी बातमी मुलांसाठी सोपी करून द्या म्हटलं की आपल्यातले बरेच शिक्षक आधी पेन्सिल काढतात. अवघड शब्दाखाली रेघ, वर सोपा शब्द. 'हिदायत'च्या जागी 'सूचना', 'तड़के'च्या जागी 'सुबह'. झालं काम! माझ्या मते एवढ्यानं कामाला सुरुवातसुद्धा झालेली नसते.

आपल्या सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचं उदाहरण घेऊ, उजनी. पावसाळ्यात हिंदी पेपरात बातमी साधारण अशी येते (वाक्य मीच जुळवलंय, पण घाट तोच):

"उजनी बाँध के जलग्रहण क्षेत्र में लगातार हो रही बारिश के मद्देनज़र शुक्रवार तड़के भीमा नदी में 40 हज़ार क्यूसेक पानी छोड़ा गया, जिसके चलते नदी किनारे बसे गाँवों को सतर्क रहने की हिदायत दी गई है।"

पाचवीच्या वर्गात हे वाक्य वाचून दाखवा आणि विचारा, पाणी कोणी सोडलं? हमखास उत्तर येतं, "पावसानं!" पोरांचं काही चुकत नाही. वाक्यात माणूसच नाही. 'छोड़ा गया', 'दी गई है'. कोणी सोडलं, कोणी सांगितलं, हे बातमीदारानं गृहीत धरलंय. शब्द कितीही बदला, ही रिकामी जागा तशीच राहते.

दुसरा प्रश्न हुशार पोरगं विचारतं, "सर, आपल्याकडं तर पाऊसच नाही की! मग नदीला पाणी कुठनं आलं?" याचं उत्तर 'जलग्रहण क्षेत्र' या दोन शब्दांत दडलंय. उजनीत येणारं पाणी मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या डोंगरांतलं. तिकडं धो धो पाऊस आणि पंढरपुरात कडक ऊन, असं असलं तरी चंद्रभागा चढते. मोठ्यांना हे माहीत असतं म्हणून बातमी ते सांगत नाही. मुलांसाठी ते सांगावंच लागतं. म्हणून सोपी बातमी मूळ बातमीपेक्षा लांब होते, आणि होऊ द्यावी.

'बाँध' हा शब्द तर आपल्या मुलांना हमखास फसवतो. अवघड नाही, ओळखीचा आहे, हीच अडचण. गावाकडच्या मुलाच्या डोळ्यांपुढं शेताचा बांध येतो. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाचं आणखी वेगळं. तिथं एकदा 'धरण' म्हणून मोकळं व्हावं.

मग मी क्रम लावतो. बातमी उलटी चालते, ताजी घटना आधी आणि कारण मागाहून. 'बाँध 98 प्रतिशत भर चुका है' आणि 'जलसंपदा विभाग' हे खालच्या कुठल्यातरी परिच्छेदात सापडतं. ते वर आणायचं:

"पुणे ज़िले के पहाड़ों में कई दिनों से बारिश हो रही है। यह पानी नदियों से बहकर उजनी बाँध, यानी उजनी धरण में आता है। बाँध लगभग भर गया है। इसलिए जलसंपदा विभाग के लोगों ने शुक्रवार को सूरज निकलने से पहले भीमा नदी में पानी छोड़ा। अब नदी में पानी बढ़ेगा, इसलिए विभाग ने नदी के पास के गाँवों से कहा है कि सावधान रहें।"

यातला 'इसलिए' काढू नका. वाक्यं छोटी करण्याच्या नादात लोक पहिला घाव यावरच घालतात. मग पाच तुटक वाक्यं उरतात. मूल ती खडाखडा वाचतं, पण धरण भरल्याचा आणि पाणी सोडल्याचा संबंध त्याला लागत नाही.

आणि मनचं काही घालू नका. 'दरवाज़े खोल दिए' लिहायचा मोह मलाही होतो, चित्र छान उभं राहतं. पण उजनीतून वीजगृहामार्गेही पाणी सोडतात. बातमीत दरवाजे नसतील तर आपल्याही मजकुरात नकोत.

राहिला 40 हजार क्यूसेकचा आकडा. तिसरीला मी तो गाळतो. पाचवीला गाळत नाही, कारण 5 हजार आणि 1 लाख यांतला फरकच तर खरी बातमी असते. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. 40 हजारचे झाले सेकंदाला सुमारे 11 लाख लिटर. 10 हजार लिटरचा टँकर आपल्या पोरांनी गल्लीत पाहिलेला असतो, त्यामुळं "हर सेकंड सौ से ज़्यादा टैंकर" म्हटलं की वर्गात एकदम गलका होतो.

मजकूर जमला की नाही हे 'समजलं का?' विचारून कळत नाही, सगळी मुंडी हलवतात. कागद पालथा घालायला लावा आणि मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, ज्याला ज्यात जमेल त्यात गोष्ट सांगायला सांगा. सांगताना 'कोणी' किंवा 'का' जिथं अडेल, तेवढंच वाक्य पुन्हा लिहायला घ्या.